गोळी नव्हे, लेबल अडलं

गरोदरपणाच्या गोळ्यांत फॉलिक अ‍ॅसिडनं फार डोकं खाल्लं नाही. रोज 400 मायक्रोग्रॅम, गर्भधारणेच्या आधीपासून ते गरोदरपणाचे 12 आठवडे पूर्ण होईपर्यंत. आधीपासून, कारण बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतो ती मज्जानलिका गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांतच बंद होते आणि तोवर पाळी चुकल्याचंही जेमतेम लक्षात येतं. मधुमेह असेल, फिटची औषधं चालू असतील किंवा आधीच्या बाळात मज्जानलिकेचा दोष असेल, तर डॉक्टर 5 मिलिग्रॅम देतात.

अडले ती लोहापाशी. डॉक्टरांनी 60 मिलिग्रॅम सांगितलं आणि डबीवर 'फेरस सल्फेट 200 मिलिग्रॅम'. तिप्पट डोस की काय, म्हणून गोळी तशीच पडून राहिली. 200 हे पूर्ण क्षाराचं वजन. कोरड्या फेरस सल्फेटच्या 200 मिलिग्रॅममध्ये प्रत्यक्ष लोह जेमतेम 65. 'एलिमेंटल', म्हणजे प्रत्यक्ष लोह, हा शब्द शोधायचा, तोच आकडा खरा. कॅल्शियम दोन तास लांब, चहा-कॉफी तासभर लांब. शौच काळं होतं, घाबरू नका. डांबरासारखं चिकट असेल तर मात्र दाखवा.

पण खरा संताप दुसऱ्या बाटलीचा. 'नैसर्गिक मातृशक्ती मिश्रण', खाली चार वनस्पतींची नावं आणि एकच आकडा, 500 मिलिग्रॅम. कुठली किती, हे कुठेच नाही. त्यात अश्वगंधा होती, ज्येष्ठमधही. अश्वगंधा गरोदरपणात टाळतात, कारण मोठ्या मात्रेत गर्भपाताची भीती असते. ज्येष्ठमधातलं ग्लायसिरायझिन वारेतल्या त्या विकराला अडवतं, जो आईचं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक बाळापर्यंत जाऊ देत नाही. शिवाय रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटतं. आता 500 पैकी ज्येष्ठमध 20 की 400, हे कळल्याशिवाय डॉक्टर तरी काय सांगणार? कंपनीला विचारलं तर उत्तर आलं, 'ते आमचं गुपित सूत्र आहे.' बाटली परत केली. मात्रा लिहिलेली नाही, तर घ्यायची नाही.

हो, आणखी एक: मल्टिव्हिटॅमिनमध्ये रेटिनॉल रूपातलं व्हिटॅमिन ए असेल तर तेही बघा. दिवसाला 3000 मायक्रोग्रॅमच्या वर गेलं तर बाळात व्यंग येऊ शकतं. बीटा-कॅरोटीन रूपातल्या व्हिटॅमिन एला ही अडचण नाही.

बाळंतपणानंतर यादी आखडते. व्हिटॅमिन डी 10 मायक्रोग्रॅम आणि आयोडीन चालू राहतं. थायरॉइडचा त्रास असेल तर आयोडीन विचारूनच. मांस-मासे, अंडी, दूध काहीच नसेल तर बी12 हवंच, नाहीतर आईच्या दुधातही कमी पडतं. बाळाचे व्हिटॅमिन डीचे थेंब वेगळे, कारण आईच्या दुधातून ते पुरेसं जात नाही.

दूध वाढवायला मेथीच्या कॅप्सूल सगळे सुचवतात. उपयोगाचा पुरावा डळमळीत आहे. रक्तातली साखर उतरते आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर मेथीही बाधू शकते. बाळाच्या लघवीला पाकासारखा गोड वास येतो, आणि एका गंभीर चयापचय विकारातही तसाच वास येतो. म्हणून घेतलीच असेल तर बालरोगतज्ज्ञांना आधीच सांगून ठेवा.