हरिश्चंद्रगड, खिरेश्वरमार्गे: सहा दिवस उशिरा आलेला वृत्तांत

सोमवारी द्यायचा वृत्तांत रविवारी देतोय. कारण एवढंच की वाटेत वेळा वहीत टिपल्या नाहीत, सगळी भिस्त मोबाईलच्या ट्रॅकवर ठेवली, आणि ट्रॅक अर्धवट निघाल्यावर दुरुस्तीचं दोन तासांचं काम आठवडाभर ढकललं. तोवर नुसता मजकूर तरी देता आला असता. तोही दिला नाही.

ट्रॅकचं काय झालं ते सांगतो, कारण तुमचंही होईल. बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगने टोलारखिंडीनंतर पाऊण तासाने नोंद बंद पाडली. मंदिरापाशी मोबाईल उघडल्यावर ती पुन्हा सुरू झाली, आणि मधल्या भागात ॲपने सरळ रेघ मारली. खरी वाट पठारावरच्या टेकाडांना वळसे घालत जाते. धुक्यात कोणी त्या रेघेवर चाललं तर थेट कारवीत घुसेल आणि ओळखीची वाट कायमची सुटेल. नकाशात वळण नसलेला लांबलचक तुकडा दिसला की तो चाललेला नाही, जोडलेला आहे, असं समजा. तो तुकडा खोडूनच ट्रॅक देतोय.

वेळा मूळ फोटोंवरून काढल्या. मेसेजमधून आलेल्या फोटोंत वेळेची माहिती बहुधा उरत नाही, त्यामुळे ज्याने काढले त्याच्याच मोबाईलमध्ये बघावं लागतं. खिरेश्वर ७:१०, टोलारखिंडीतलं व्याघ्रशिल्प ८:२०, मंदिर ११:०५. यात रेलिंगच्या कातळटप्प्याखाली गर्दीमुळे थांबलेली पंचवीस मिनिटं धरलेली आहेत. पहाटे लवकर निघालात तर ती वाचतील.

आता उशिराचा खरा फटका: पाणी. डिसेंबर अखेरीस पठारावरच्या ओढ्यात करंगळीएवढी धार होती, पण ती आठ दिवसांपूर्वीची गोष्ट. तिच्यावर विसंबू नका, खालूनच माणशी तीन लिटर घेऊन निघा. केदारेश्वराच्या गुहेत पाणी असतंच, पण त्यात लोक उतरतात, पिण्यासाठी ते धरू नका. मंदिराजवळच्या झोपडीत जेवण मिळालं, तेही शनिवार होता म्हणून. आडवारी जाणार असाल तर गावात आधी विचारून घ्या. वाट, रेलिंग, वळणं यांत मात्र आठवड्याने काही बदलत नाही.

पुढच्या खेपेला ट्रॅक घेणाऱ्यांनी त्या ॲपची बॅटरीवरची मर्यादा आदल्या रात्री काढून ठेवावी आणि मोबाईल फ्लाइट मोडवर टाकावा. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, बॅटरीही टिकते. नकाशा तेवढा घरूनच उतरवून घ्या. खिंडीत एकदा मोबाईल उघडून मिनिटं पुढे सरकताहेत ना ते बघा, आणि तिथली वेळ पेनाने हातावर लिहिली तरी चालेल.