आतोबांचा नकाशा आणि कागदाची घडी

आत्याकडे जायचं किती वर्षं चाललं होतं, शेवटी या वेळी मी आणि बाबा निघालोच. तिच्या घरी फोनला रेंज नसते, त्यामुळे ऐनवेळी विचारायची सोय नाही. आतेभावाने दोन दिवस आधी आतोबांनी हाताने काढलेल्या नकाशाचा फोटो पाठवून ठेवला होता. नकाशा अगदी मन लावून काढलेला, विहीर, वडाचं झाड, पूल सगळं चित्रासकट, फक्त लिहिलेलं सगळं कन्नडमध्ये. आतोबांना मराठी बोललेलं कळतं पण लिहिता येत नाही, आणि आम्हा दोघांना कन्नडचं एक अक्षर येत नाही.

बसमधून उतरलो आणि पहिली अडचण म्हणजे फोटो धरायचा कसा. आतोबांनी प्रत्येक वळणानंतर कागद फिरवून लिहिलं होतं, म्हणजे अर्ध्या ओळी आडव्या, काही उलट्या. आधी वाटलं घाईत लिहिलंय, पण नंतर लक्षात आलं की हीच तर सोय आहे, जी ओळ सरळ दिसते तिच्या वरच्या बाजूला आपण चालायचं. म्हणजे उत्तर कुठे वगैरे बघायचंच नाही. फक्त मोबाईल फिरवला की फोटोपण फिरायचा आणि ओळ परत आडवी, मग ऑटो रोटेट बंद केलं तेव्हा कुठे नीट वाचता आलं.

स्टॉपवर एक कॉलेजची मुलगी उभी होती, तिने हिंदीत पहिल्या दोन ओळी सांगितल्या. एडक्के म्हणजे डावीकडे, बलक्के म्हणजे उजवीकडे, शेवटचं क्के आपल्या 'ला' सारखं. तेवढ्यात तिची बस आली आणि ती गेली. पुढचं आम्ही अक्षरांच्या आकारावरून ओळखू असं ठरवलं. दोन्ही शब्दांचा शेवट सारखाच, मग पहिलं अक्षर लक्षात ठेवलं की झालं, 'ए' दिसला की डावीकडे, 'ब' दिसला की उजवीकडे. पहिली दोन वळणं बरोबर जमली, पूल आला, वडाचं झाडपण आलं, बाबा एकदम खुश.

झाडाच्या पुढच्या ओळीत सुरुवातीलाच 'ए'. म्हणून आम्ही पहिल्याच फाट्याला डावीकडे वळलो. मला जरा शंका आली होती कारण पेनाची रेघ पुढे जाऊन उजवीकडे वळलेली दिसत होती, पण डावीकडेपण एक फिकट रेघ जात होती, आणि ती शब्दाशी जुळतेय म्हटल्यावर आम्ही तिच्यावरच विश्वास ठेवला. नकाशात पुढे विहीर होती, ती वीस मिनिटं चाललो तरी येईना, रस्ता अरुंद होत गेला आणि शेवटी नुसती शेतं. बाबांचे गुडघे दुखायला लागले होते, त्यांना एवढं चालवलं म्हणून मला फार वाईट वाटत होतं. पुढे अंदाजाने जाण्यापेक्षा जिथपर्यंत खात्री आहे तिथे परत जाऊ असं बाबाच म्हणाले, म्हणून परत वडापाशी आलो.

तिथे एक आजोबा बसले होते. मी मोबाईल दाखवला, त्यांनी फोटो मोठा करून तीच ओळ मोठ्याने वाचली, "एरडने बलक्के", आणि दोन बोटं दाखवून हात उजवीकडे केला. म्हणजे दुसरं उजवं वळण! कन्नडमध्ये दोनला एरडु म्हणतात, एरडने म्हणजे दुसरं, आणि तो शब्दपण त्याच 'ए'ने सुरू होतो. नीट बघितलं असतं तर कळलं असतं, कारण त्या शब्दाच्या शेवटी ते क्के नव्हतंच, क्के पुढच्या शब्दाला होतं. नुसतं पहिलं अक्षर धरून चाललो तिथे फसलो. तुम्हाला कधी अशी वेळ आली तर आख्खा शब्द कागदावर उतरवून घ्या आणि दोन शब्द शेजारी ठेवून बघा, कुठे वेगळे आहेत ते लगेच दिसतं.

आजोबांना हात जोडून निघालो, पहिलं उजवं वळण सोडलं, दुसऱ्याला वळलो आणि समोरच विहीर. तिथून आत्याचं घर दिसतच होतं, ती दारातच उभी होती, बाबांना बघून तिला बोलायलाच सुचेना, नुसता त्यांचा हात धरून उभी राहिली.

संध्याकाळी मी आतोबांकडे मूळ कागद मागितला. ती फिकट डावी रेघ कुठे दिसेना. मग कागद उजेडात तिरका धरला तेव्हा कळलं, ती कागदाची घडी होती, फोटोत तिची सावली पडून रस्त्यासारखी दिसत होती. कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदम सरळ, मध्ये आलेल्या अक्षरांवरून गेलेली. आतोबांनी काढलेला एकही रस्ता तेवढा सरळ नव्हता आणि एकही अक्षरांवरून गेला नव्हता. त्यांना सगळं सांगितलं, तर ते आत गेले, पेन घेऊन आले आणि त्या वळणाच्या ओळीत एरडने खोडून मोठा 2 लिहिला.