‘रवाना झाली’ हे खोटं होतं

४ तारीख, रात्री

मी हाताने वह्या बांधून ऑनलाइन विकते. आज संध्याकाळी एका ग्राहक ताईंचा मेल आला. ‘ऑर्डर रवाना झाली असं नऊ दिवस दिसतंय. मी दोनदा कुरिअरच्या ऑफिसात जाऊन आले. ते म्हणतात, पार्सल आमच्याकडे आलेलंच नाही. हरवलं का?’ मेलमध्ये राग नव्हता, काळजी होती. वही हरवलेली नव्हती. ती माझ्या मागच्या टेबलावर होती, शिलाई झालेली, कव्हर अजून न चढवलेली.

उशिराबद्दल माफीचा व्हिडिओ करायचा हे चार दिवसांपासून डोक्यात होतं. पण माफी नेमकी कशाची मागायची, ते हा मेल वाचल्यावर कळलं. उशीर हा एक भाग. त्याहून वाईट गोष्ट अशी, की मी लोकांना चुकीचं सांगितलं होतं.

झालं ते असं. वेबसाइटवर पार्सलचं लेबल तयार केलं, की ग्राहकाला आपोआप मेल जातो: ‘तुमची ऑर्डर रवाना झाली आहे.’ सोबत ट्रॅकिंग नंबर. खरं तर त्या क्षणी फक्त एक चिकटपट्टी छापलेली असते. कुरिअरच्या माणसाने पार्सल हातात घेऊन पहिल्यांदा स्कॅन केलं, की मगच ते खऱ्या अर्थाने निघतं. मी रविवारी बसून आठवड्याभराची लेबलं एकदम काढायचे, कारण पत्ते एकत्र तपासायला सोपं जातं. काम वेळेवर होतं तोवर लेबल आणि पहिला स्कॅन यांत एका दिवसाचंच अंतर असायचं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. कामं तुंबली तसं ते अंतर वाढत गेलं. वही इथे आणि मेल तिथे. ट्रॅकिंगवर ‘लेबल तयार’ एवढी एकच ओळ असेल आणि तिच्याखाली काहीच नसेल, तर पार्सल जवळजवळ नक्कीच विक्रेत्याच्या घरात आहे. हे मला माहीत होतं. त्या ताईंना माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

आधी मोजदाद केली. आकडे हातात नसताना बोलायला बसले असते, तर ‘लवकरात लवकर’ हेच शब्द तोंडात आले असते. एकूण १४६ ऑर्डर बाकी. त्यातल्या ३८ खरोखर कुरिअरकडे गेलेल्या, ट्रॅकिंग हलतंय. ६१ ऑर्डरींची लेबलं निघालेली, पण पार्सलं घरातच. ४७ ऑर्डरींना अजून हातही लागलेला नाही. त्या ६१ पैकी २० वह्या पूर्ण तयार आहेत, त्या उद्या जातील. उरल्या ८८ ऑर्डरी, म्हणजे १०३ वह्या, कारण काहींनी दोन मागवल्यात.

मग रोजचा वेग. मागच्या सहा दिवसांत मी १४, ११, १८, ७, १२ आणि १० वह्या बांधल्या. मनात १८ हाच आकडा होता, आणि त्या हिशोबाने सगळं सहा दिवसांत संपतं. पण सरासरी १२ येते. १०३ वह्यांना नऊ दिवस. शेवटच्या वह्यांचा गोंद वजनाखाली रात्रभर वाळावा लागतो, नाहीतर पुठ्ठ्याला बाक येतो. तो एक दिवस धरला. आणखी दोन दिवस अशासाठी, की ७ वह्यांचा दिवस पुन्हा येणारच. असे कामाचे बारा दिवस, मध्ये दोन सुट्ट्या. म्हणजे १८ तारीख. ही तारीख सांगायला जड जाते. लोक १० किंवा ११ ची वाट बघत असणार. पण ११ सांगून १८ ला पाठवणं म्हणजे हाच प्रकार दुसऱ्यांदा करणं.

हे झाल्यावर लिहायला बसले. पहिला मसुदा वाचला आणि लक्षात आलं, की सगळीकडे ‘झालं’ आहे. ‘उशीर झाला.’ ‘ऑर्डर राहून गेल्या.’ ‘गैरसमज निर्माण झाला.’ आपल्या भाषेत करणारा न सांगता आख्खं वाक्य पुरं होतं, आणि चूक कबूल करताना हात आपोआप तिकडेच वळतो. म्हणून प्रत्येक वाक्याला ‘कुणी?’ विचारत गेले. ‘उशीर झाला’चं ‘मी उशीर केला’ झालं. ‘गैरसमज निर्माण झाला’चं ‘मी तुम्हाला चुकीची माहिती दिली’ झालं. हे वाक्य मोठ्याने म्हणायला मला तीन वेळा थांबावं लागलं.

मग खोडाखोड. मदतीला येणारी मुलगी महिनाभर रजेवर होती, हे खरं आहे. पण ती रजेवर गेल्यावरही वेबसाइटवर ‘तीन दिवसांत रवाना’ ही ओळ मी तशीच ठेवली आणि नव्या ऑर्डर घेत राहिले. उशिराचं कारण ती ओळ आहे, रजा नाही. रजेचा उल्लेख काढला. कुरिअरकडे ११ पार्सलं चार दिवस अडकली होती, तेही काढलं. १४६ मधली ११, आणि ऐकणाऱ्याला वाटलं असतं की दोष तिकडचाच. ‘कुणाला त्रास झाला असेल तर’ यातलं ‘तर’ काढलं. त्रास झालाय, माझ्याकडे मेल आहेत. ‘तुम्ही दाखवलेल्या संयमाबद्दल आभार’ हेही काढलं. त्यांनी संयम दाखवायचं ठरवलं नव्हतं, त्यांना वाट बघायला मी लावली. पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन लिहिलं होतं. मागची वही मिळालेली नसताना पुढची घ्या म्हणणं बरं नाही.

कारण मात्र एका वाक्यात ठेवलं. ते अजिबात नसेल, तर पुन्हा असं होणार नाही हे लोकांनी कशाच्या जोरावर मानायचं? मी स्वतःपुरती खूण ठरवली: ज्या वाक्याने ऐकणाऱ्याला पुढे काय होईल ते कळतं, ते कारण. ज्याने फक्त माझ्याबद्दल वाईट वाटेल, ती सबब.

शेवटी राहिलेला मजकूर असा:

‘नमस्कार. मी हाताने वह्या बांधून ऑनलाइन विकते. सध्या १४६ जणांच्या ऑर्डर मी वेळेवर दिलेल्या नाहीत, हा व्हिडिओ त्यांच्यासाठी आहे.

मी दोन चुका केल्या. मला जमतील त्यापेक्षा जास्त ऑर्डर घेतल्या आणि तरी वेबसाइटवर “तीन दिवसांत रवाना” असं लिहिलेलं ठेवलं. दुसरी चूक मोठी आहे. तुमच्यातल्या ६१ जणांना “ऑर्डर रवाना झाली” असा मेल गेला, तेव्हा पार्सल माझ्या घरीच होतं. मी तुम्हाला चुकीची माहिती दिली. त्यामुळे काही जण चौकशीसाठी कुरिअरकडे जाऊन आले. मी तुमची माफी मागते.

आता पुढचं. ट्रॅकिंगवर पार्सल हलताना दिसत असेल, तर ते खरंच वाटेत आहे. ते सलग पाच दिवस हललं नाही, तर कुरिअरकडे तक्रार मी करीन, तुम्ही फक्त मला कळवा. वीस पार्सलं ५ तारखेला कुरिअरकडे देते आहे. बाकीच्यांची पार्सलं ऑर्डरच्या तारखेच्या क्रमाने निघतील, शेवटचं १८ तारखेला. ही माझ्याकडून निघण्याची तारीख आहे. तिथून पोचायला आजवर साधारण चार ते सहा दिवस लागले आहेत. तुमचा जुना ट्रॅकिंग नंबर रद्द होईल, नवा येईल.

थांबायचं नसेल, तर तुम्हाला आलेल्या माझ्या मेलला “रद्द” एवढंच उत्तर द्या. कारण सांगायची गरज नाही. डिलिव्हरीच्या खर्चासह सगळे पैसे मी त्याच दिवशी परत पाठवीन. बँकेत दिसायला त्यांना काही दिवस लागू शकतात.

या ऑर्डर पूर्ण होईपर्यंत नव्या ऑर्डर बंद आहेत. यापुढे पार्सल बांधून झाल्यावरच लेबल निघेल.’

५ तारीख

मेल आधी पाठवले, व्हिडिओ नंतर. १४६ जणांपैकी किती जण व्हिडिओ बघतील सांगता येत नाही, आणि ज्यांचं पार्सल अडकलंय त्यांना ते इतरांच्या आधी कळायला हवं. तीन गटांना तीन वेगळे मेल, प्रत्येकात त्या माणसाच्या ऑर्डरची स्थिती आणि तारीख. काल मेल करणाऱ्या ताईंना मात्र आधी फोन केला. त्या म्हणाल्या, ‘दुसऱ्यांदा गेले तेव्हा तिथल्या मुलाशी मी जरा जास्तच बोलले.’ मी म्हटलं, ‘ताई, ते बोलणं माझ्या वाट्याचं होतं.’ त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘वही मात्र पाठवा.’

रेकॉर्डिंग खिडकीसमोर केलं, संगीत नाही, कापाकापी नाही. दोन मिनिटांच्या आत संपलं. पहिल्या खेपेला ‘माफी मागते’ म्हणताना गळा दाटून आला. ते रेकॉर्डिंग ठेवलं नाही. मी रडले, तर बघणारा मला धीर देत बसेल आणि त्याची ऑर्डर बाजूला राहील. दुसऱ्या खेपेला कागद समोर धरून वाचलं, वाचतेय हे दिसत असलं तरी. तारखा तोंडपाठ म्हणायच्या नादात १८ चं २८ झालं असतं तर महागात पडलं असतं. खाली वर्णनात सगळा मजकूर लिहून ठेवला, आवाज न लावता बघणाऱ्यांसाठी.

संध्याकाळी ती वीस पार्सलं नेऊन दिली. काउंटरवर प्रत्येकाचा स्कॅन होईपर्यंत उभी राहिले.

९ तारीख

कालची सुट्टी सोडून कामाचे चार दिवस गेले. १३, ९, १२, ११. एकूण ४५. सहा जणांनी ऑर्डर रद्द केल्या, मिळून सात वह्या. एकाने लिहिलं होतं, ‘भेट द्यायची होती, तो दिवस गेला.’ त्याला मी पैसे परत पाठवल्याचं आणि माफीचं, एवढंच कळवलं. तो दिवस काही मी परत देऊ शकत नाही.

आता ५१ वह्या उरल्यात. सरासरीने आणखी पाच दिवस, म्हणजे राखून ठेवलेल्या दोन दिवसांना अजून हात लागलेला नाही. दोन जणांनी विचारलं, १८ च्या आधी येईल का. दोघांचे क्रमांक यादीत बघून सांगितलं: एकाची १२ ला निघेल, दुसऱ्याची १६ ला. त्यांनी विचारलं म्हणून पुढे घेतल्या नाहीत.

ताईंच्या वाळलेल्या वहीचं पार्सल आज दुपारी बांधून झालं, मग लेबल काढलं, मग ते कुरिअरकडे दिलं, याच क्रमाने. सव्वापाचला ट्रॅकिंगवर पहिला स्कॅन दिसला. आजच्या अकरा वह्या वजनाखाली आहेत.