ठिबकाच्या टाकीचा स्टँड: सादरीकरणाआधीचे प्रश्न आणि रिकाम्या टाकीचा हिशेब

पैठण तालुक्यातील आमच्या शेतातल्या परसबागेसाठी एक हजार लिटरच्या टाकीचा लोखंडी स्टँड बसवण्याचे काम आता आराखड्याच्या टप्प्यावर आले असून, वेल्डिंगला सुरुवात करण्यापूर्वी तो आपल्या हौशी मंडळापुढे मांडायचा आहे. सादरीकरणात कोण काय विचारेल याचा अंदाज घेऊन मी प्रश्न आधीच लिहून काढले आणि प्रत्येकाचे उत्तर आकड्यांत मांडून पाहिले. त्यातल्या एका प्रश्नाने काँक्रीटच्या पायाचे मापच बदलले, म्हणून ही नोंद जरा विस्ताराने देत आहे.

आराखडा थोडक्यात असा आहे. टाकी साधारण १.१ मीटर रुंद आणि १.३ मीटर उंच आहे. स्टँडची उंची ३ मीटर, पायांमधले अंतर दोन्ही बाजूंनी १.२ मीटर आणि चारही पाय ६५ × ६५ × ६ मिलिमीटर अँगलचे आहेत. आडवे-तिरपे अँगल आणि वरची चौकट धरून लोखंड सुमारे १८० किलो लागते, आणि रिकामी टाकी २५ किलोच्या आसपास भरते.

मर्यादांविषयीचा पहिला प्रश्न उंचीचाच असणार: तीनच मीटर का? तीन मीटर उंचीवरून पाण्याला दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.३ किलो दाब मिळतो. नेहमीच्या ठिबकाला सुमारे १ किलो दाब लागत असल्याने तो या टाकीवर नीट चालणार नाही. परसबागेसाठीचे कमी दाबाचे संच मात्र १ ते ३ मीटर उंचीवर चालतात आणि आमचा संच तसाच आहे. म्हणजे तीन मीटर ही आमची कमाल सोय आहे, गरज नव्हे, आणि सादरीकरणात या दोन गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतील. कोणती मर्यादा निसर्गाने घातली, कोणती संचाने घातली आणि कोणती आपणच सोयीसाठी मान्य केली, हे विचारणाऱ्याला स्पष्ट कळले नाही तर पुढची सगळी चर्चा चुकीच्या पायावर होते.

दुसरी मर्यादा मातीची आहे. आमच्याकडे वरचा थर काळ्या मातीचा असून त्याखाली मुरूम लागतो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला खोल भेगा पडतात. त्यामुळे पाया मुरमावर टेकला पाहिजे आणि खड्डा भरताना बाजूने काळी माती न टाकता मुरूमच भरला पाहिजे, नाहीतर एखादा पाय उचलला जाऊन चौकट तिरपी होते. याचा पुढच्या हिशेबाशीही थेट संबंध आहे. उन्हाळ्यात माती काँक्रीटपासून सुटत असल्याने तिने पायाला धरून ठेवावे, ही अपेक्षा करता येत नाही. उपटण्याविरुद्ध फक्त काँक्रीटचे वजन मोजायचे, असे मी ठरवले.

आता सुरक्षेच्या मार्जिनकडे येतो. टाकी भरलेली असताना वारा समोरून लागला तर एका पायावर ५८० किलोच्या आसपास दाब येतो. अँगलच्या छेदावर तो वाटला की ताण पोलादाच्या क्षमतेच्या सुमारे तेहतिसाव्या भागाइतकाच निघतो. हा आकडा पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवण्याचा मोह होतो, पण मंडळातले निवृत्त शाखा अभियंता काका त्यावर काय विचारतील हे मला ठाऊक आहे: “तेहतीस पट, पण कशाच्या विरुद्ध?” कारण अँगलचा पाय चिरडून मोडत नाही, तो वाकून मोडतो. मध्ये आडवा अँगल न देता पाय सलग तीन मीटर ठेवला, तर त्याचा सडपातळपणा दाखवणारे, लांबीचे आणि छेदाच्या किमान परिभ्रमण त्रिज्येचे गुणोत्तर २३८ होते. आयएस ८०० या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकात असा दाब पेलणाऱ्या भागासाठी ही मर्यादा १८० आहे. मधोमध आडवा अँगल घातला की गुणोत्तर ११९ वर येते. तेहतीस पट मार्जिन असलेला तोच पाय एका आडव्या अँगलअभावी नियमात बसत नाही, म्हणून मार्जिनचा आकडा कधीही एकटा सांगायचा नाही. कोणत्या बिघाडाविरुद्ध आणि कोणत्या स्थितीत, ही दोन उत्तरे त्याच्यासोबत आलीच पाहिजेत.

यातला स्थितीचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काकांना फोनवर आराखडा सांगितला तेव्हा त्यांनी लगेच विचारले, “टाकी भरलेली असतानाचं सांगितलंत. रिकामी असताना काय होईल?” मराठवाड्यात टाकी रिकामी असण्याचा काळ म्हणजे एप्रिल-मे, विहिरीने तळ गाठलेला असतो तेव्हा. आणि वळवाचा पाऊस घेऊन येणारी वादळेही याच दिवसांत येतात. टाकीला खाली दाबून ठेवणारे हजार किलो पाणी नेमके तेव्हाच नसते, जेव्हा त्याची सर्वाधिक गरज असते.

हिशेब असा आहे. आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे. वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणले की दर चौरस मीटरला ९१३ न्यूटन, म्हणजे ९३ किलो दाब मिळतो. टाकी गोल असल्याने आकाराचा गुणांक ०.८ धरला, तेव्हा तिच्यावर १०६ किलो जोर आला. अँगल चपटे असल्याने त्यांना वारा जास्त लागतो. सर्व अँगलांचे मिळून १.२ चौरस मीटर क्षेत्र आणि गुणांक १.७ धरल्यावर चौकटीवर १९० किलो जोर निघाला. टाकीचा जोर जमिनीपासून ३.६५ मीटरवर आणि चौकटीचा १.५ मीटरवर लागतो, म्हणून उलथवणारे एकूण घूर्ण, म्हणजे जोर गुणिले उंची, सुमारे ६७२ किलो-मीटर होते.

वारा समोरून आला तर हे घूर्ण १.२ मीटर अंतरावरच्या दोन-दोन पायांत वाटले जाते आणि वाऱ्याकडच्या प्रत्येक पायाला २८० किलो उचल मिळते. भरलेल्या टाकीत प्रत्येक पायावर ३०१ किलो वजन असल्याने पाय कसाबसा जमिनीला टेकून राहतो. रिकाम्या टाकीत ते वजन ५१ किलोच उरते, त्यामुळे सुमारे २३० किलो उचल खालच्या काँक्रीटच्या पायाने पेलावी लागते. सुरुवातीच्या आराखड्यात प्रत्येक पायाखाली ४५ सेंटिमीटर चौरस आणि ९० सेंटिमीटर खोल काँक्रीट होते. त्याचे वजन ४३७ किलो भरते, म्हणजे उचलीच्या जवळपास दुप्पट.

पण वारा कोपऱ्यावरून आला तर? तेव्हा मधले दोन पाय बघत राहतात आणि सगळा भार कर्णावरच्या दोन पायांवर पडतो. कर्ण १.७ मीटरचा असल्याने उचल एकाच पायावर ३९६ किलो होते आणि स्वतःचे वजन वजा करूनही ३४५ किलो उरते. उलथण्याविरुद्ध तपासताना आयएस ४५६ मध्ये धरून ठेवणाऱ्या वजनाचे ०.९ पटच मोजायचे आणि वाऱ्यासारख्या भाराला १.४ ने गुणायचे असते. या कसोटीला ४५ सेंटिमीटरचा पाया ४३९ किलो देतो, आणि गरज ५५४ किलोची आहे. ५५ सेंटिमीटर चौरस पाया घेतला की सुमारे ६३४ किलो मिळतात आणि कसोटी पार पडते. म्हणून पायाचे माप आता ५५ झाले आहे.

ही उचल पायापर्यंत कोणत्या जोडांतून पोहोचते, हा लगेचच येणारा प्रश्न आहे. बेस प्लेटचे बोल्ट काँक्रीटमध्ये खोल, खालून वाकवलेले हवेत, हे उघड आहे. पण त्याच साखळीचे वरचे टोक अनेकदा विसरले जाते: टाकी स्टँडला बांधलेलीच नसते. पंचवीस किलोची रिकामी टाकी घर्षणाने फार तर दहा किलो जोर अडवेल, आणि वारा १०६ किलोने ढकलत असेल. त्यामुळे चौकटीवर टाकीभोवती अँगलचे कडे आणि वरून दोन पट्टे आराखड्यात घातले आहेत.

खर्चाचा तक्ता मी एकूण रकमेने न मांडता प्रत्येक निर्णयाच्या किमतीने मांडणार आहे. लोखंड वेल्डिंग-प्रायमरसह किलोला ९० रुपये आणि काँक्रीट घनमीटरला ६,५०० रुपये असे दर मी धरले आहेत. ते गावोगावी बदलतील. या दराने लोखंडाचे १६,२०० रुपये होतात. पाया ४५ वरून ५५ करण्यासाठी ०.३६ घनमीटर काँक्रीट वाढते, म्हणजे सुमारे २,३४० रुपये. कोपऱ्यावरून येणाऱ्या वाऱ्याची ही किंमत आहे, आणि ती देणे मला योग्य वाटते.

नाकारलेल्या पर्यायांबाबत श्रोते सहसा एकच प्रश्न विचारतात: तो का नको? उत्तर एका वाक्यात देता आले नाही, तर पर्याय नीट तपासला नाही असेच समजावे. विटांचे चार खांब स्वस्त पडले असते, पण ते एकमेकांना बांधलेले नसल्याने प्रत्येक खांब वाऱ्याला एकटाच तोंड देतो, आणि विटांच्या सांध्याला ओढ सहन होत नाही. शिवाय ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंती कशा कोसळल्या हे पाहिलेल्या प्रदेशात न बांधलेल्या खांबांवर हजार किलो ठेवणे मला मान्य नाही. तारांचे ताण देण्याचा पर्याय पायाचा खर्च कमी करतो. पण तारांचे खुंटे काळ्या मातीत उन्हाळ्यात सैल होतात, आणि बैल-ट्रॅक्टर जाण्यायेण्याच्या वाटेवर तारा नकोत. “टाकी कायम भरलेली ठेवू” हा तर उपायच नाही, कारण मे महिन्यात पाणीच नसते.

एक पर्याय मात्र मी अजून नाकारलेला नाही. उंची २ मीटर केली तर घूर्ण ६७२ वरून ४०७ च्या आसपास येते, कोपऱ्यावरच्या वाऱ्यालाही ४५ सेंटिमीटरचा पाया पुरतो, आणि लोखंड साधारण ५० किलोने कमी होऊन काँक्रीटसह एकूण ६,८०० रुपयांच्या जवळपास वाचतात. प्रश्न एवढाच आहे की दोन मीटरच्या दाबाने, गाळणीतला दाबाचा तोटा वजा जाता, शेवटच्या ओळीच्या टोकाला पुरेसे पाणी पोहोचेल का. हे कागदावर ठरवण्यापेक्षा मोजलेले बरे. म्हणून येत्या रविवारी घराच्या गच्चीच्या कठड्यावर दोन मीटर उंचीला छोटी टाकी ठेवून पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली एकाच वेळी मोजपात्रे लावणार आहे. पहिल्याच्या तुलनेत शेवटच्या ड्रिपरचे पाणी दहा टक्क्यांहून अधिक घटले, तर तीन मीटरचा आराखडा कायम राहील. नाहीतर सादरीकरणात दोन मीटरचा स्टँड मांडेन आणि तीन मीटरचा नाकारलेल्या पर्यायांत जाईल.