पू झाला की नळी का लागते

तुम्ही विचारलंत म्हणून: “डॉक्टरसाहेब, इंजेक्शनं चालू हाईत न्हवं? मग आणि बरगडीत नळी कशाला घालताय?”

कोल्हापुरात छातीच्या वॉर्डाबाहेर हे मला पावसाळ्यात हमखास ऐकायला मिळतं. शिरोळकडच्या एका गुळव्याच्या धाकट्या भावानंही असंच विचारलं होतं, तेव्हा त्या गुळव्याचीच हकीकत सांगतो.

वय पन्नाशीचं, जुना मधुमेह. उजव्या बाजूचा न्यूमोनिया म्हणून दाखल झाले. दोन दिवसांत ताप उतरला, मग पुन्हा संध्याकाळी चढायला लागला. श्वास घेताना उजवीकडे सुरी खुपसल्यासारखं दुखायचं, ते मात्र कमी झालं होतं, त्यामुळे घरचे खुशीत होते. मला तेच खटकलं. फुप्फुसावरचं आवरण आणि बरगड्यांच्या आतलं आवरण एकमेकांवर घासतं तेव्हा ते दुखतं. मध्ये पाणी साचलं की घासणं थांबतं. दुखणं गेलं पण ताप परत आला, तर पाठीवर बोटानं ठोकून बघायला हवं. त्यांच्या उजवीकडे खाली दगडावर ठोकल्यासारखा बद्द आवाज होता आणि श्वास जवळजवळ ऐकूच येत नव्हता.

न्यूमोनियात असं पाणी बऱ्याच जणांना होतं आणि बहुतेकांचं औषधानं जिरतं. सोनोग्राफीत थर एक सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर मी सुईही लावत नाही. पण त्या पाण्यात जंतू शिरले की पांढऱ्या पेशी धावतात, रक्तातली गोठणारी प्रथिनं येतात, धागे धरतात आणि पाण्याचे कप्पे पडतात. पुढं काही आठवड्यांत फुप्फुसावर जाड साल चढते आणि ते फुगेनासं होतं. औषध तिथं थोडंफार पोचतं, पण पू आत राहतोच. भावाला मी एवढंच म्हटलं, काहिलीतला पाक ओतता येतो तोवरच वाफ्यात घ्यायचा असतो ना? तो लगेच मान डोलवायला लागला.

यांच्या सोनोग्राफीत पाच सेंटीमीटर पाणी आणि त्यात बारीक धागे दिसले. सुईनं काढलेलं पाणी गढूळ होतं, पण पू म्हणावा इतकं दाट नव्हतं. अशा वेळी डोळ्यांवर विसंबायचं नाही, पाण्याची आम्लता म्हणजे पीएच मोजायचा, आम्ल वाढलं की तो उतरतो. पीएच ७.२ च्या खाली गेला तर नळी. यांचा ७.०५ आला आणि साखर २८ मिलिग्रॅम, तीही रक्तातली साखर दोनशेच्या वर असताना. आतले जंतू आणि पेशी साखर खाऊन आम्ल सोडत होते. सुईतून सरळ पू आला असता तर पीएचची गरजच नव्हती. तसला पू पीएचच्या मशीनमध्ये घालूही नये. नमुना मात्र रक्तवायू तपासणीच्या सिरिंजमध्ये, हवा न शिरू देता लगेच पाठवावा लागतो. हवेनं पीएच खोटा वाढतो आणि सिरिंजमध्ये भुलीचं औषध राहिलं तर खोटा घटतो. हे नीट न पाळता आलेल्या आकड्यावर नळी टाळलेले रुग्ण मी पाहिलेत.

नळी सोनोग्राफीत बघून, काखेखाली, बरगडीच्या वरच्या कडेला धरून घातली. खालच्या कडेला रक्तवाहिनी आणि नस असते. पहिल्या दिवशी सहाशे मिली निघालं, ताप उतरला. “सुईनंच सगळं काढा की” हा दुसरा नेहमीचा आग्रह, पण कप्पे पडले की एका सुईनं एकच कप्पा रिकामा होतो आणि बाकीचे तसेच राहतात.

तिसऱ्या दिवशी नळीतलं पाणी श्वासाबरोबर वरखाली व्हायचं थांबलं. घरच्यांना वाटलं, पू संपला. एक्स-रेत मात्र खालचा भाग पांढराच होता, म्हणजे नळी तुंबली होती. सलाईननं धुतल्यावर ती पुन्हा वाहू लागली. इतकं करूनही आठवडाभरात कप्पे सुटले नसते आणि ताप राहिला असता, तर दुर्बिणीतून धागे तोडून साल सोलावी लागली असती. त्याआधी काही जणांत नळीतून धागे विरघळवणारं औषध घालून बघतात. ते महाग पडतं आणि रक्तस्रावाचा धोका असलेल्यांना जपून द्यावं लागतं.

दिवसाचा निचरा पन्नास मिलीच्या खाली आला, फुप्फुस फुगलेलं दिसलं, तेव्हा नळी काढली. अँटिबायोटिक एकूण चार आठवडे चाललं. पाण्याच्या कल्चरमध्ये कुठलेच जंतू उगवले नाहीत. आधी औषध गेलेलं असलं की असं वरचेवर होतं.

अशा पाण्यात एडीए नावाची तपासणी वाढलेली आली की कुणीतरी टीबीची औषधं सुरू करतं. पण निव्वळ पुवानंही एडीए वाढतो, म्हणून पू तेवढ्यावर टीबीचा ठरवत नाही, टीबीचे जंतू शोधणाऱ्या सीबीनॅट तपासणीला पाठवतो. यांचं निगेटिव्ह आलं. महिन्यानंतरच्या एक्स-रेत उजवीकडे खाली आवरण जाड दिसत होतं, ताप नव्हता, दम लागत नव्हता, वजन वाढत होतं. ते जाडपण ओसरायला महिने लागतात, आणि त्यासाठी मी वेगळं काही दिलं नाही.