तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रान्झिशन फिट

‘सर, भोकात शाफ्ट कसा बसतो त्या फिटचे तीन प्रकार, क्लिअरन्स, इंटरफिअरन्स, ट्रान्झिशन, यांना मराठीत काय म्हणायचं? आणि ट्रान्झिशनला सरळ मधली फिट का नाही म्हणत तुम्ही?’

पहिल्या दोन्हींचं फार काही नाही. क्लिअरन्सला मी फटीची फिट म्हणतो, कारण सैल म्हटलं की पोरांच्या डोळ्यासमोर खुळखुळणारा शाफ्ट येतो, आणि 25 H7/g6 ला, म्हणजे 25 मिमीच्या H7 भोकात g6 शाफ्ट, फट असते 7 ते 41 मायक्रॉन, हाताला खेळ जेमतेम कळतो. इंटरफिअरन्स म्हणजे घट्ट फिट, इथे वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या शेडमध्ये प्रेस फिट म्हणतात तेही चालेल. डिक्शनरीतला ‘अडथळा’ मात्र नको, त्यात शाफ्ट भोकापेक्षा मोठा आहे हे कुठे येतच नाही.

खरी गोची ट्रान्झिशनची. मधली म्हटलं की पोरं धरून चालतात की प्रत्येक जोडी थोडीशी घट्ट बसणार. 25 H7/k6 घ्या. भोक 25.000 ते 25.021, शाफ्ट 25.002 ते 25.015. आता पेटीतून सगळ्यात मोठं भोक आणि सगळ्यात बारीक शाफ्ट हाती आला तर 19 मायक्रॉन फट, उलट झालं तर शाफ्ट 15 मायक्रॉनने जाड, मॅलेट नाहीतर प्रेस लागणार. दोन्ही पीस ड्रॉइंगप्रमाणे पास! म्हणजे मधली अशी कुठली जोडी नसतेच (अगदी बरोबर शून्यावर आली तर गोष्ट वेगळी), मोजून बघितलं की ती एकतर फटीची निघते नाहीतर घट्ट. ट्रान्झिशन असतं ते ड्रॉइंगवर, दोन टॉलरन्स एकमेकांवर चढलेले असतात म्हणून. म्हणून मी वर्गात ‘कधी फट कधी घट्ट’ म्हणतो, लांबलचक आहे, ऐकायला बरं नाही, पण गैरसमज होत नाही.

आणि हा नुसता शब्दांचा कीस नाही हं. मधली म्हणजे जराशी घट्ट असं डोक्यात बसलेला मुलगा ड्रॉइंगमध्ये k6 शाफ्टवर पुली दाखवतो आणि की बसवायची खाच, की-वे, देतच नाही, म्हणे घट्ट आहे ना, फिरवेल की. पण भोक आणि शाफ्ट दोन्ही आपापल्या टॉलरन्सच्या मध्यावर आले तर तिथे 2 मायक्रॉन फटच उरते! लोड आला की शाफ्ट फिरतो, पुली मागे राहते, उघडून बघाल तर बोअर घासून चकचकीत झालेला. k6 पुली सेंटरला धरून ठेवते एवढंच, टॉर्क द्यायला ‘की’ पाहिजेच. कीशिवाय चालवायचंय तर घट्ट फिटकडे जा, पण 25 H7/p6 सुद्धा नुसतं बघून टाकू नका, तिथे घट्टपणा कमीत कमी 1 मायक्रॉनच येऊ शकतो, आधी हिशोब करा.