गेटच्या फूड टेक्नॉलॉजीच्या पेपरात मी पर्याय कसे खोडत गेले

गेटच्या एक्सई पेपरात फूड टेक्नॉलॉजी हा विभाग घेतला, तेव्हा माझा अभ्यास बरा होता, पण सराव चाचणीत दोन पर्यायांवर गाडी हमखास अडायची. "सर्व" किंवा "फक्त" आलं की तो पर्याय चूक समजायचा, असले क्लासमधले नुस्खे इथे फारसे कामाला येत नाहीत. कारण या पेपरातला चुकीचा पर्याय बहुतेक वेळा धादांत खोटा नसतोच. तो दुसऱ्याच कुठल्या तरी प्रश्नाचं बरोबर उत्तर असतो.

उदाहरणार्थ, दूध नीट पाश्चराइझ झालंय की नाही हे कोणत्या चाचणीने कळतं? पर्याय असतात मेथिलीन ब्लू, गर्बर, टर्बिडिटी आणि अल्कलाइन फॉस्फटेज. चारही चाचण्या दुधाच्याच, चारही ओळखीच्या. मी प्रत्येकीपुढे रफ पॅडवर ती खरं तर काय सांगते ते एका शब्दात लिहायचे. मेथिलीन ब्लू: कच्च्या दुधातले जंतू. गर्बर: फॅट. टर्बिडिटी: स्टरिलाइझ केलेलं दूध. उरली फॉस्फटेज. हे एन्झाइम नष्ट व्हायला रोगजंतूंपेक्षा किंचित जास्तच उष्णता लागते, म्हणून ते सापडलं नाही की पाश्चरायझेशन पुरेसं झालं असं धरतात. पण "फॉस्फटेज निगेटिव्ह, म्हणजे दूध निर्जंतुक" असं विधान आलं तर ते बाद. चाचणी बरोबर, निष्कर्ष चूक. हा सापळा परीक्षकांचा फार लाडका.

खरी कसोटी तेलाच्या प्रश्नात लागते. मी सरावाला घेतलेला एक प्रश्न असा होता: जुन्या शेंगदाणा तेलाला खवट वास येतोय, पण पेरॉक्साइड व्हॅल्यू कमी आहे. का? ए: तेलाचं ऑक्सिडेशन झालेलं नाही. बी: पेरॉक्साइडं फुटून अल्डिहाइडं तयार झाली. सी: तेलाची आयोडिन व्हॅल्यू वाढली. डी: पाण्यामुळे फॅट फुटून मोकळी फॅटी ॲसिडं वाढली.

सी सगळ्यात आधी गेला. आयोडिन व्हॅल्यू म्हणजे असंतृप्तता, आणि तेल खराब होताना ती कमी होते. पर्यायाची दिशाच उलटी. ए खोडताना जरा थांबावं लागतं. पेरॉक्साइड व्हॅल्यू ऑक्सिडेशनचा पहिला टप्पा मोजते. ती आधी चढते आणि पुढे उतरते, त्यामुळे आकडा कमी असला तर तेल अगदी ताजं असेल किंवा पार जुनं. प्रश्नात "जुन्या" हा शब्द उगाच टाकलेला नाही.

उरले बी आणि डी, आणि डी खरोखर मोहात पाडतो, कारण असा खवटपणा असतोच. इथे मी प्रक्रियेकडे बघायचं सोडून पदार्थाकडे बघायला शिकले. शेंगदाणा तेलातली फॅटी ॲसिडं लांब साखळीची असतात. ती मोकळी झाली तरी सहज उडत नाहीत, त्यामुळे नाकाला झोंबेल असा वास त्यांचा नसतो. तेच लोणी असतं तर ब्युटिरिक ॲसिडमुळे डी भक्कम दावेदार ठरला असता. म्हणून बी. खात्री करायची तर ॲनिसिडिन व्हॅल्यू बघा, ती अल्डिहाइडं मोजते.

आमरसाचंही तसंच. डबाबंद आंब्याच्या गराला किती उष्णता द्यायची, असं विचारून पर्यायांत ६३ अंशांना ३० मिनिटं, ७२ अंशांना १५ सेकंद, १२१ अंशांची प्रक्रिया आणि उकळत्या पाण्यात डबा ठेवणं, असं देतात. पहिले दोन आकडे दुधाचे. १२१ अंश हे बॉट्युलिनमच्या बीजाणूंसाठी, पण गराचा पीएच ४ च्या आसपास, म्हणजे ४.६ च्या खाली, आणि तिथे ते बीजाणू वाढत नाहीत. उरलं उकळतं पाणी.

आता पर्याय खोडून किती फायदा होतो ते सांगते. एका गुणाच्या चुकीला एक तृतीयांश गुण कापतात. डोळे मिटून टिक केलं तर सरासरी हाती शून्य. एक पर्याय खात्रीने गेला की सरासरी एक नवमांश गुण, दोन गेले की एक तृतीयांश. म्हणून मी एक जरी कारणासकट खोडता आला तरी उत्तर द्यायचे. "बरोबर वाटत नाही" हे कारण मात्र मी धरत नव्हते. स्क्रीनवर पर्यायावर काट मारता येत नाही, त्यामुळे पॅडवर अक्षरं लिहून खोडायची सवय आधीपासूनच लावलेली बरी. "खालीलपैकी चूक विधान कोणतं" असा प्रश्न आला की मी अक्षरांच्या वर ठळक "चूक" लिहायचे, नाहीतर खरं विधान सापडल्याच्या आनंदात तेच टिक होतं.

एकापेक्षा जास्त उत्तरांच्या प्रश्नांत मात्र ही पद्धत अर्धीच चालते. तिथे गुण कापत नाहीत, पण अर्धवट उत्तराला काहीच मिळत नाही. तीन खोडले म्हणून चौथा बरोबर, असं तिथे म्हणता येत नाही. प्रत्येक पर्याय एकटा समोर ठेवून खरा की खोटा ठरवावा लागतो, आणि त्यासाठी मी पेपरच्या शेवटी वेगळा वेळ राखून ठेवत असे.